ऑडिटच्या ओपनिंग मीटिंगमध्ये स्वतःबद्दल काय बोलायचं?

"मॅडम नमस्कार, मी मेकॅनिकल डिप्लोमा करून नोकरी करता करता डिग्री करतोय. आमच्या मशिनिंगच्या कंपनीत जुने साहेब रिटायर झाले आणि 2 महिन्यांपूर्वी मला मेंटेनन्सचा हेड केलं. पुढच्या आठवड्यात आयएसओ 9001 चं सर्व्हेलन्स ऑडिट आहे. ओपनिंग मीटिंगला प्रत्येक हेडने स्वतःची ओळख करून द्यायची आहे. मी नवीन आहे हे सांगू की नको? इंग्लिश पण कच्चं आहे. काय बोलू?"

नवीन आहेस हे सांगच, आणि पहिल्या दोन वाक्यांतच सांग. लपवून काही होत नाही, कारण मागच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये जुन्या साहेबांचं नाव असणार आणि ऑडिटर तो वाचूनच येतो.

त्या मीटिंगचं काम काय असतं ते आधी नीट समजून घे. ऑडिटर स्वतःची ओळख देतात, स्कोप आणि दिवसभराचा प्लॅन कन्फर्म करतात, फाइंडिंगचे प्रकार सांगतात, सेफ्टीचे नियम विचारतात आणि मागच्या ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटींचं, म्हणजे एनसीचं स्टेटसही तिथेच निघतं. तुझ्या ओळखीतून त्यांना एवढंच हवं असतं की मेंटेनन्सचं विचारायचं तर कोणाला, आणि या माणसाच्या हातात काय काय येतं. त्यामुळे डिग्री, मार्क, आधीची कंपनी यातलं काही नको. मी तुझ्या जागी असते तर साधारण असं बोलले असते:

"नमस्कार, मी अमुक अमुक. मेंटेनन्स विभाग 2 महिन्यांपासून माझ्याकडे आहे, त्याआधी याच विभागात 4 वर्षं इंजिनिअर होतो. मशीन शॉप आणि युटिलिटीचं प्रिव्हेंटिव्ह आणि ब्रेकडाउन मेंटेनन्स आम्ही बघतो. कॉम्प्रेसरची सर्व्हिस बाहेरच्या एजन्सीकडे एएमसीवर आहे, तिचे रेकॉर्ड माझ्याकडे मिळतील. गेज कॅलिब्रेशन क्वालिटीकडे आहे. विभागात 9 जण आहेत, 2 शिफ्ट. तुमच्या प्लॅनप्रमाणे मी दुपारी शॉपवर असेन."

आकडे तुझे घाल आणि इथेच थांब, सगळं मिळून अर्धा-पाऊण मिनिट होतं. कॅलिब्रेशनचं वाक्य मी मुद्दाम घातलंय, कारण आपल्याकडे काय नाही हे सांगितलं की ऑडिटर चुकीच्या टेबलावर बसत नाही आणि तुझाही "ते आमच्याकडे येत नाही सर" असं सारखं म्हणायचा त्रास वाचतो.

आता काय बोलू नको ते. मी कौन्सेलिंगमध्ये यायच्या आधी एका कारखान्यात होते, तिथे अशाच मीटिंगमध्ये मी उत्साहात बोलून गेले की आमचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स 100 टक्के शेड्यूलप्रमाणे होतं. ऑडिटरने मान हलवून वहीत काहीतरी लिहिलं आणि दुपारी सगळ्यात आधी पीएम कार्डच मागितली. एका हायड्रॉलिक प्रेसच्या कार्डावर जून महिन्याची सही नव्हती, काम झालेलं होतं पण सही नव्हती, आणि मग एकाच्या जागी सगळ्या मशीनची कार्डं निघाली. मी ते वाक्य बोललेच नसते तरी कार्ड कदाचित सापडलं असतं, पण दुपारची सुरुवात तिथूनच झाली ती माझ्यामुळे. म्हणून "झिरो ब्रेकडाउन", "सगळं अपडेटेड" असलं काही नको. जे बोलशील त्याचा पुरावा मागितला जाणार असं धरूनच चाल.

तू जे बोलणार ते कागदाशी जुळतंय का, हे मात्र याच आठवड्यात बघ. ऑर्गनायझेशन चार्टवर अजून जुन्या साहेबांचं नाव आहे का, तुझं अपॉइंटमेंटचं पत्र आणि जबाबदाऱ्यांचा कागद एचआरकडे आहे का, स्किल मॅट्रिक्समध्ये तुझी ओळ हेड म्हणून आलीये का. आयएसओ 9001 च्या 5.3 मध्ये जबाबदाऱ्या ठरवून सगळ्यांना कळवलेल्या असाव्यात असं आहे आणि 7.2 मध्ये कॉम्पिटन्सचा पुरावा ठेवायचा आहे, म्हणजे "2 महिन्यांपासून" म्हटल्यावर पहिला प्रश्न याच दोन्हीवर येऊ शकतो. पत्र नसेल तर आजच एचआरला सांग, पण मागची तारीख टाकून कागद बनवू नको, कोणी कितीही सांगितलं तरी. आजच्या तारखेचा खरा कागद असेल तर उशीर का झाला ते सांगता येतं, खोटी तारीख पकडली गेली तर तुझ्या बाकीच्या रेकॉर्डवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

इंग्लिशचं म्हणशील तर ऑडिट कुठल्या भाषेत चालणार हे कन्फर्म करणं हा त्या मीटिंगचाच भाग आहे. तुमच्या क्वालिटीच्या हेडना आजच विचार की ऑडिटरला मराठी किंवा हिंदी चालते का. चालत असेल तर बिनधास्त त्यात बोल. नसेल चालत तर वरचीच वाक्यं सोप्या इंग्लिशमध्ये लिहून काढ आणि मोबाइलवर चार वेळा रेकॉर्ड करून ऐक, कागद हातात ठेवून वाचलंस तरी कोणी काही म्हणत नाही.

आणि बोलून झालं की खाली बस आणि अटेंडन्स शीट आली की सही करायला विसरू नको.