‘जईफ’ हदीस: म्हातारी की अशक्त?

प्रश्न: ‘एका लेखात वाचलं की चीनला जाऊन ज्ञान मिळवा ही हदीस जईफ आहे, म्हणून तिचा दाखला देऊ नये. आमच्याकडे जईफ म्हणजे म्हातारा. मग हदीस जितकी जुनी तितकी अस्सल असायला हवी ना? जुनी आहे म्हणून नाकारायची कशी?’

अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ अशक्त, दुबळा. फारसीतून तो मराठीत आला आणि अशक्तपणाकडून म्हातारपणाकडे सरकला, कारण थकलेला माणूस बहुधा म्हातारा असतो. हदीस म्हणजे पैगंबर मुहंमदांचं वचन किंवा कृती सांगणारी नोंद; ती पारखणाऱ्या हदीसशास्त्रात मात्र या शब्दाचा मूळचाच अर्थ आहे. जईफ हदीस म्हणजे जिच्या पायात बळ नाही अशी हदीस. तिच्या विरुद्धचा शब्द ‘सहीह’, म्हणजे धडधाकट, निरोगी. आपल्या ‘सही सलामत’मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. हदीसमधल्या लपलेल्या दोषालाही ‘इल्लत’ म्हणजे आजार म्हणतात, आणि निवेदकावर ठेवलेल्या ठपक्याला ‘जरह’ म्हणजे जखम. एकूण भाषा वैद्याची आहे.

प्रकृती तपासायची ती कशाची? इथे आपल्या ओळखीचा आणखी एक शब्द येतो: सनद. आपल्याकडे सनद म्हणजे वतनाचा किंवा हक्काचा कागद. अरबीत सनद म्हणजे आधार, ज्याला टेकून उभं राहता येतं ते. हदीसचे दोन भाग असतात. पैगंबरांचं वचन किंवा कृती सांगणारा मजकूर, त्याला ‘मत्न’ म्हणतात. आणि त्याच्या आधी येणारी नावांची साखळी, म्हणजे अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून, असं थेट पैगंबरांच्या सोबत्यापर्यंत. ही साखळी म्हणजे सनद. बसऱ्याचे विद्वान इब्न सीरीन (मृत्यू ७२९) सांगत, की आधी लोक सनद विचारत नसत; आपसांतलं यादवी युद्ध पेटलं तेव्हापासून ‘तुमची माणसं कोण ते सांगा’ असं म्हणू लागले.

साखळीतल्या प्रत्येकाने आपल्या आधीच्याकडून खरोखर ऐकलं असेल का, हे आधी पाहायचं. दोघांच्या हयातीचा काळ आणि राहण्याची गावं जुळतात का, तेही त्यात आलं. त्यापुढे प्रत्येकाला दोन कसोट्या. एक ‘अदालत’: माणूस सचोटीचा, खोटं न बोलणारा असला पाहिजे. आपलं न्यायालयवाचक ‘अदालत’ याच धातूतलं. दुसरी ‘जब्त’, म्हणजे ऐकलेलं घट्ट धरून ठेवण्याची ताकद, मग ती स्मरणशक्तीत असो की नीट जपलेल्या वहीत. आपला ‘जप्त’ याच शब्दापासून आला. पहिल्या कसोटीला उतरलेला माणूस दुसरीत नापास होऊ शकतो, आणि ‘जईफ’ समजून घेताना हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जईफ निवेदक म्हणजे लबाड निवेदक असं मुळीच नाही. भला, देवभोळा माणूसही विसरतो, दोन गोष्टींची सरमिसळ करतो.

जब्त मोजायचा कसा? एकाच गुरूच्या शिष्यांनी सांगितलेलं शेजारी शेजारी ठेवून. एखादा शिष्य बहुतेक वेळा बाकीच्या भरवशाच्या शिष्यांशी जुळत असेल तर त्याचा जब्त पक्का. वारंवार वेगळंच सांगत असेल, किंवा गुरूच्या जवळच्या कुणालाच ठाऊक नाही असं सांगत असेल, तर कच्चा.

तुमच्या ‘म्हातारा’ या अर्थाचीही इथे एक जागा आहे, आणि ती मला फार आवडते. कूफ्याचे अता इब्न साइब विश्वासू निवेदक होते, पण उतारवयात त्यांची स्मृती गढुळली. म्हणून त्यांच्या सगळ्या हदीस नाकारल्या का? नाही. कोणत्या शिष्याने कधी ऐकलं ते शोधलं गेलं. शुअबा आणि सुफयान सौरी यांनी आधीच्या काळात ऐकलेलं ग्राह्य धरलं, जरीर इब्न अब्दुल हमीद यांनी नंतर ऐकलेलं संशयास्पद ठरवलं. एकाच माणसाच्या आयुष्यात रेघ ओढून तिच्याआधीचं घेतलं, नंतरचं बाजूला ठेवलं.

आता तुमची चीनची हदीस. तिची प्रसिद्ध सनद अशी: पैगंबरांचे सोबती अनस इब्न मालिक, त्यांच्याकडून अबू आतिका, त्याच्याकडून हसन इब्न अतिय्या. अनस दीर्घायुषी होते, बसऱ्यात राहत, आणि कतादा, साबित बुनानी यांच्यासारखे नामवंत शिष्य त्यांना लाभले. पण हे वाक्य सांगायला पुढे येतो तो अबू आतिका. नामवंत हदीस-संग्राहक बुखारींनी (८१० ते ८७०) त्याला ‘मुन्कर हदीस सांगणारा’ म्हटलं. मुन्कर म्हणजे ओळख न पटणारं. बुखारींच्या तोंडी हा शब्द फार जड असतो. अकराव्या शतकातल्या बैहकींनी निर्वाळा दिला की मजकूर प्रसिद्ध आहे, पण सनद जईफ. बगदादच्या इब्नुल जौजींनी (मृत्यू १२०१) तर ती ‘मौजू’ म्हणजे रचलेल्या हदीसांत टाकली. म्हणजे जाणकारांतही एकमत नाही; पण सहीह म्हणावं अशी तिची सनद नाही. प्रसिद्धीचा इथे काही उपयोग होत नाही.

या वाक्याला जोडून पुष्कळदा येतं ते ‘ज्ञान मिळवणं हे प्रत्येक मुसलमानाचं कर्तव्य आहे’ हे वचन. त्याची गोष्ट वेगळी. इब्न माजांच्या संग्रहात तेही अनस यांच्याकडूनच येतं, आणि त्या साखळीत हफ्स इब्न सुलैमान हे नाव आहे. आज जगात बहुतेक ठिकाणी कुराण ज्या पाठाने म्हटलं जातं तो याच हफ्स यांचा पाठ. पठणात त्यांचा शब्द प्रमाण, पण हदीस सांगण्यात ते जईफ, काहींच्या मते त्याहूनही खाली. प्रत्येक विद्येतला जब्त वेगळा तपासला जाई, त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. तरीही हे वचन अनेक वेगवेगळ्या साखळ्यांनी आलेलं आहे. त्या एकमेकींना टेकू देतात असं मानून मिज्जी (मृत्यू १३४१) यांच्यासारख्या विद्वानांनी त्याला ‘हसन’ म्हणजे चालण्याजोगा दर्जा दिला. मात्र असा टेकू स्मरणाच्या दुबळेपणालाच मिळतो. साखळीत खोटारडा बसला असेल तर तशा दहा साखळ्या एकत्र करूनही काही मिळत नाही.

त्यामुळे मराठीत लिहिताना ‘जईफ हदीस’चं भाषांतर ‘जुनी’ तर नकोच, ‘खोटी’ही नको. खोटीला ‘मौजू’ हा स्वतंत्र शब्द आहे. मी ‘कमकुवत सनदेची हदीस’ असं लिहितो. ‘सनद’ आपल्याला परकी नाही, आणि दुबळेपणा नेमका कुठे आहे तेही त्यातून कळतं.