मशीनच्या मराठीतला गळलेला ‘नका’

प्रश्न: मशीनने केलेलं मराठी भाषांतर तपासताना चुका पटकन कशा पकडायच्या?

आधी नकार बघा. शुभेच्छा देणाऱ्या ‘ब्रेक अ लेग’चं ‘पाय मोडा’ झालं की कोणीही हसतं, बनावट शब्दही वाचताना अडखळवतो, पण गळलेला ‘नका’ दिसतच नाही कारण वाक्य एकदम गुळगुळीत असतं. समजा पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या पंपाचं मॅन्युअल आहे, मूळ अर्थ ‘मेन स्विच बंद केल्याशिवाय झाकण उघडू नका’ आणि मशीन देतं ‘मेन स्विच बंद केल्याशिवाय झाकण उघडा’, म्हणजे शॉकच की! इंग्रजी सूचनेत नकार सहसा सुरुवातीला येतो, आपल्याकडे बहुतेकदा शेवटी, त्यात ‘डू नॉट’ आणि ‘अनलेस’ असे दोन नकार एकत्र आले की एक गळू शकतो.

म्हणून मूळ इंग्रजीत नॉट, नेव्हर, अनलेस, विदाउट मार्क करा आणि मराठीत समोर नका, नाही, नये, शिवाय शोधा. नुसती मोजदाद मात्र नको, ‘स्विच बंद असेल तेव्हाच उघडा’ यात एकही ‘नका’ नाही तरी ते बरोबरच आहे, तो ‘च’ काम करतोय. तोच उडाला तर पुन्हा बोंब. शंका आली तर कोणाला तरी फक्त मराठी वाचायला द्या आणि विचारा, आता नक्की काय करशील?