बीपीची गोळी आणि रक्तदान

भाऊ, परभणीच्या शिबिरात तुझं बीपी 128/82 भरलं तरी डॉक्टरांनी थांबवलं, ते बरोबरच केलं. आपल्याकडच्या नियमात वरचा आकडा 100 ते 140 आणि खालचा 60 ते 90 लागतो, मग तो गोळीनं आलेला असला तरी चालतो. पण गोळी किंवा डोस 28 दिवसांत बदललेला नको. तुझा तीन आठवड्यांपूर्वीच वाढलाय. 350 मिली रक्त गेलं की शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब सावरतं. नवा डोस अंगवळणी पडलेला नसेल तर उठताना दाब घसरतो, भोवळ येते. हृदय, किडनी, डोळ्यांवर बीपीचा परिणाम झालेला असेल तर मात्र रक्त घेत नाहीत. आणि हो, रक्तदानाच्या दिवशी सकाळी गोळी चुकवू नकोस, काही जण चुकवतात!