मस्टरमध्ये अर्धी हजेरी आणि आठवड्याचा पगार

प्रश्न: आमच्या साइटवर वीसेक मजूर आहेत. रोजची हजेरी मी एका वहीत लिहितो, पण कोण अर्धा दिवस होतं यावरून पगाराच्या दिवशी दर वेळी वाद होतो. मस्टर कसं ठेवावं आणि पगार कसा काढावा?

उत्तर: तुमचा वाद बहुतेक एका चौकोनामुळे होत असणार. वहीत दर माणसाला दर दिवसाचा एकच चौकोन असतो आणि अर्ध्या दिवसासाठी आपण त्यात ½ लिहितो. त्या ½ वरून तो माणूस सकाळी होता की जेवणानंतर आला हे काहीच कळत नाही. शनिवारी तो म्हणतो, "साहेब, मी चार वाजता वरती वाळू चढवत होतो, मला सगळ्यांनी बघितलंय." तुम्ही म्हणता, अर्धाच दिवस होतास. दोघंही खरं बोलत असू शकता आणि वही कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

मी साइटवर मस्टर लिहितो, आणि माझ्या मस्टरला दर दिवसाचे दोन रकाने असतात: एक जेवणाआधीचा, एक जेवणानंतरचा. माणूस हजर असेल तर 1, नसेल तर 0. पूर्ण दिवस म्हणजे 1 आणि 1. अर्धा दिवस असं वेगळं काही लिहावंच लागत नाही, तो आपोआप दिसतो. रकाना मोकळा कधीच सोडायचा नाही. मोकळा रकाना म्हणजे अजून न भरलेला, आणि न भरलेल्या रकान्यात नंतर कुणीही काहीही भरू शकतो. छापील मस्टरमध्ये एकच चौकोन असेल तर सकाळी / अशी तिरकी रेघ आणि दुपारी उलटी रेघ मारून फुली पूर्ण करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तीही चालते, पण एक भान ठेवा. जेवणानंतर माणूस आला नाही तर त्या रेघेशेजारी तिथल्या तिथे 0 टाका. एकट्या रेघेची फुली करायला कुणालाही एक सेकंद पुरतो.

दोन रकान्यांचा खरा फायदा मात्र बेरजेत आहे. अर्ध्या हजेऱ्या धरून दिवसाची बेरीज साडेसतरा आली, तर साडेसतरा माणसं साइटवर मोजता येतात का? नाही. पण सकाळी 18 आणि दुपारी 17 ही माणसं मोजता येतात. म्हणून काम सुरू झाल्यावर तासाभराने एक चक्कर मारा, डोकी मोजा आणि सकाळच्या रकान्याखाली तो आकडा लिहा. जेवणानंतर पुन्हा तेच करा. रकान्यातल्या एकांची बेरीज आणि मोजलेली डोकी जुळलीच पाहिजेत. जुळली नाहीत तर माणूस अजून साइटवरच आहे, तिथेच विचारा. संध्याकाळी मुकादमाच्या तोंडून हजेरी घेऊ नका. मुकादम लबाड असतो असं माझं म्हणणं नाही. कोण आलं होतं हे त्याला पक्कं आठवतं, पण कोण मधूनच गेलं हे त्यालाही आठवत नाही.

अर्धा दिवस कधी धरायचा हे आधी ठरवून, कामावर घेतानाच प्रत्येकाला सांगायला हवं. समजा काम 9 ते 6 आहे आणि 1 ते 2 जेवण. म्हणजे दोन्ही भाग चार-चार तासांचे, ही सर्वात सोयीची वाटणी. तुमची वेळ 8 ते साडेबारा आणि दीड ते 5 अशी असेल तर सकाळचा भाग साडेचार तासांचा आणि दुपारचा साडेतीन तासांचा होतो. मग जेवणाला निघून जाणारा म्हणतो की मी अर्ध्याहून जास्त काम केलं, आणि त्याचं बरोबर असतं. शक्य असेल तर जेवणाची वेळ मधोमध आणा.

अर्धा तास उशिरा येणाऱ्याची अर्धी हजेरी कापणं मला पटत नाही. चार तासांच्या कामातले साडेतीन तास त्याने केलेले असतात. अशा वेळी मी 1 लिहितो आणि शेऱ्याच्या रकान्यात "साडेनऊला आला" असं टिपतो. त्याचे पैसे कापायचे असतील तर तेवढ्या तासांचेच कापावेत. पाव आणि पाऊण हजेरी काही मुकादम लिहितात. ती टाळाच, कारण पावाचा हिशेब डोक्यात करताना बेरीज चुकते आणि कुणाचा पाव कधीचा, हे दोन दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.

आता पगार. समजण्यापुरती चार माणसं आणि सोमवार ते शनिवार असा एक आठवडा घेऊ. मिस्त्रीचा रोज 900, हेल्परचा 700 आणि दोन बिगाऱ्यांचा प्रत्येकी 600 रुपये. सोमवारी सगळे पूर्ण दिवस होते. मंगळवारी हेल्पर जेवणानंतर आला. बुधवारी जेवणाच्या वेळेलाच पाऊस सुरू झाला आणि दुपारचं काम बंद ठेवलं. गुरुवारी दुसऱ्या बिगाऱ्याचा खाडा. शुक्रवारी सगळे पूर्ण दिवस, आणि शनिवारी मिस्त्री जेवणाला गेला तो आलाच नाही.

आधी आडवी बेरीज करा, म्हणजे प्रत्येकाच्या ओळीतले एक मोजा. मिस्त्री 10, हेल्पर 10, पहिला बिगारी 11, दुसरा बिगारी 9. एकूण 40. मग उभी बेरीज. सकाळच्या रकान्यांखालचे आकडे 4, 3, 4, 3, 4, 4 म्हणजे 22. दुपारचे 4, 4, 0, 3, 4, 3 म्हणजे 18. तेही 40. दोन्हीकडून 40 आले की बेरीज बरोबर. हे जुळल्याशिवाय दराला हात लावू नका, कारण बेरजेतली चूक एकदा पैशात शिरली की ती शोधायला सगळं पुन्हा करावं लागतं.

एकांच्या संख्येला दोनने भागलं की दिवस मिळतात: मिस्त्री 5, हेल्पर 5, पहिला बिगारी साडेपाच, दुसरा साडेचार. दराने गुणलं की 4500, 3500, 3300 आणि 2700, म्हणजे आठवड्याची मजुरी 14,000 रुपये. बुधवारच्या दुपारी सगळ्यांना 0 आहे. त्या रकान्याच्या डोक्यावर "पाऊस, जेवणानंतर काम बंद" असं लिहून ठेवा, नाहीतर महिन्याने बघणाऱ्याला वाटेल की मुकादम दुपारी मस्टर भरायलाच विसरला. काम साइटने बंद केलं तर त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायचे की नाहीत, हेही पाऊस यायच्या आधी ठरलेलं असावं. माझ्या मते, जो माणूस साइटवर येऊन थांबलाय त्याला काहीतरी द्यायलाच हवं. पण देणार असाल तर रकान्यात 1 लिहू नका. मस्टरमध्ये काम झालेलंच दिसू द्या आणि पावसाची रक्कम पगारपत्रकात वेगळ्या रकान्यात दाखवा.

ओव्हरटाइमचंही तसंच. स्लॅबच्या दिवशी लोक उशिरापर्यंत थांबतात आणि मस्टरमध्ये दीड हजेरी लिहायचा मोह होतो. ती लिहिली की डोकी आणि बेरीज यांचा मेळ कायमचा तुटतो. ओव्हरटाइम वेगळ्या रकान्यात तासांत लिहा. समजा शुक्रवारी पहिला बिगारी दोन तास जास्त थांबला. त्याचा आठ तासांचा रोज 600, म्हणजे तासाला 75. भारतात कायद्याने ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दुप्पट आहे, म्हणजे तासाला 150, दोन तासांचे 300. दीड हजेरी लिहिली असती तर चार तासांचे साध्या दराने 300 झाले असते. रक्कम योगायोगाने तीच आली, पण तो दोन तास थांबला होता की चार, हे वहीतून पुसलं गेलं असतं.

उचल मस्टरमध्ये लिहायचीच नाही. ती पगारपत्रकात, तारखेसह. त्याच बिगाऱ्याने बुधवारी 500 उचल घेतली असेल तर 3300 अधिक 300, वजा 500, हातात 3100. हे चारही आकडे त्याला दिसले पाहिजेत, नुसते 3100 नाहीत. सही किंवा अंगठा घ्यायचा तो सगळे आकडे भरल्यावरच.

उभी-आडवी बेरीज जुळली तरी एक चूक त्यात सापडत नाही: एकाची हजेरी दुसऱ्याच्या ओळीत पडली तर दोन्ही बेरजा तशाच राहतात. एकाच नावाची दोन माणसं असली की हे हमखास होतं, म्हणून प्रत्येकाला नंबर द्या आणि हजेरी नंबरावर घ्या. शिवाय मी पगाराच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाची ओळ मोठ्याने वाचून दाखवतो: "सोमवार पूर्ण, मंगळवार दुपारचा, बुधवार सकाळचा." ज्याला वाचता येत नाही तोही ऐकून लगेच हरकत घेतो, आणि तेव्हा पैसे मोजायची घाई नसते. दुरुस्ती करायची झाली तर जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी नवा आकडा, आणि तुमची व मुकादमाची छोटी सही. व्हाइटनर लावू नका, खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे.

दर मध्येच वाढला तर त्याच ओळीत जुना दर खोडून नवा लिहू नका. जुनी ओळ त्या दिवशी बंद करा आणि खाली त्याच नंबराने नव्या दराची नवी ओळ सुरू करा. हेल्पर मिस्त्रीचं काम करू लागला तरी असंच.

हे एक्सेलमध्ये घेणार असाल तर C मध्ये दर, D ते O हे बारा अर्धे दिवस, P मध्ये दिवस आणि Q मध्ये मजुरी ठेवा. पाचव्या ओळीपासून नावं सुरू होतात असं धरून:

```
P5: =SUM(D5:O5)/2
Q5: =P5*C5
```

आणि ओळ 5 ते 24 मध्ये वीस माणसं असतील तर एका कोपऱ्यात हे ठेवा:

```
=COUNTBLANK(D5:O24)
```

आठवड्याच्या शेवटी याचं उत्तर 0 आलं पाहिजे. तसं नसेल तर कुठेतरी रकाना भरायचा राहिलाय, तो शोधल्याशिवाय पगार काढू नका. साइटवरची शाईने भरलेली वही मात्र टाकून देऊ नका. एक्सेलमधला आकडा कुणी कधी बदलला ते सहसा कळत नाही, म्हणून वाद झाला तर वहीच उघडायची.