मांजराची सर्दी: शिंकांपेक्षा ताटली बघा

आमचा तीन वर्षांचा बोका चार दिवसांपासून शिंकतोय, डोळ्यांतून पाणी येतंय. दोन दिवस झाले, काहीच खाल्लं नाही. सर्दी आपोआप बरी होईल का? (लातूर)

सर्दी कदाचित होईल बरी, पण दोन दिवस उपाशी असलेल्या मांजराला घेऊन वाट बघत बसता येणार नाही. आज दवाखान्यात न्या.

मांजराच्या बहुतेक सर्द्यांमागे दोन विषाणू असतात, हर्पिस आणि कॅलिसी. खाणारं-पिणारं मोठं मांजर त्यातून साधारण एक ते तीन आठवड्यांत बाहेर येतं. पण मांजर वासावर जेवतं. नाक बंद झालं की त्याला समोरचं अन्न हे अन्नच वाटत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते, कावीळ होते आणि त्यातून मांजर दगावू शकतं. गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त.

ताटलीपाशी तो काय करतो, तेवढं नीट बघा आणि डॉक्टरांना सांगा. नाक चोंदलेलं मांजर ताटलीकडे लक्षच देत नाही. तोंडात फोड आलेलं मांजर मात्र भुकेनं येतं, एक घास उचलतं, दचकून मागे सरतं आणि लाळ गाळतं. असे जिभेवरचे फोड बहुधा कॅलिसीचे असतात. तिथं नुसतं नाक मोकळं करून भागत नाही, दुखणं कमी करणारं औषधही लागतं.

असाच एक बोका मागच्या थंडीत माझ्याकडे आला होता. दोन्ही नाकपुड्या पिवळ्या शेंबडानं बंद, तोंड आतून स्वच्छ. सलाइन आणि औषध दिलं, आणि घरच्यांना क्रम नेमून दिला. न्हाणीघराचं दार लावून गरम पाणी सोडायचं आणि त्या वाफेत बोक्याला घेऊन दहा मिनिटं बसायचं. भांड्यावर तोंड धरायचं नाही, भाजतं. मग पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात जेमतेम अर्धा लहान चमचा मीठ घालून, त्यात भिजवलेल्या कापसानं नाक पुसायचं. आणि लगेच, नाक मोकळं आहे तोवर, कोमट अन्न पुढे करायचं. काटे काढलेली उकडलेली चिलापी किंवा चिकन. मीठ, कांदा, लसूण नको. दिवसातून तीनदा हे चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं चिलापीचे चार घास खाल्ले. शिंका पुढे दहा दिवस होत्या, पण काळजी संपली होती. धाप लागलेल्या मांजराच्या तोंडात मात्र सिरिंजनं अन्न ढकलू नका, ते फुफ्फुसात जातं.

अंग गरम लागतं. घरात पॅरासिटामॉल आहे, पाव गोळी दिली तर चालेल का? (सेलू)

अजिबात नाही. हे औषध पचवून निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भागसुद्धा जीव घेऊ शकतो. आधीच दिली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा आणि किती वाजता दिली ते सांगा. कापराचा किंवा निलगिरीचा बामही नाकाला लावू नका, मांजर तो चाटतं.

महिन्याच्या पिल्लाचे डोळे चिपडानं चिकटलेत. घरात दुसऱ्या मांजरासाठी आणलेले थेंब आहेत. (उदगीर)

ते थेंब आधी डॉक्टरांना दाखवा. त्यात स्टेरॉइड असेल आणि हर्पिसनं बुबुळावर जखम केली असेल, तर जखम खोल जाते. तोवर कोमट मिठाच्या पाण्याचा कापूस मिनिटभर डोळ्यावर ठेवा, चिपडं मऊ झालं की आतून बाहेर अलगद पुसा. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. ओढून डोळा उघडू नका. एवढ्याशा पिल्लाला मोठ्या मांजराइतका वेळ नसतो. एखाद-दोन वेळा दूध चुकलं तरी त्याच दिवशी दाखवायला हवं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथंही नेता येईल.

लस दिली तरी पाहुणे आले, घर बदललं की आमची मनी शिंकायला लागते. असं का? (बीड)

हर्पिस एकदा शिरला की मज्जातंतूंत जन्मभर दडून राहतो. मांजरावर ताण आला की तो जागा होतो, बहुधा आठवडाभरानं, म्हणून कारण लक्षात येत नाही. लस आजार सौम्य ठेवते, लागण पूर्ण रोखत नाही. पाहुण्यांच्या दिवसांत तिला एक शांत खोली द्या, ताटली-वाटी वेगळी ठेवा, कारण तेव्हा तिच्याकडून इतर मांजरांना लागण होते. हे दोन विषाणू माणसाला होत नाहीत.

शिंका नेहमीच्या असतील तर थांबून बघा. पण फक्त एकाच नाकपुडीतून पू किंवा रक्त येत असेल तर आत काही अडकलंय किंवा गाठ आहे का, हे तपासावं लागतं. आणि मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, किंवा झोपेत मिनिटाला चाळीसच्या वर श्वास मोजलेत, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.