साइटवर विटा कशा तपासाव्यात?

साइटवर विटा आल्या आहेत. लॅबला न पाठवता पाणी किती पितात आणि ताकद किती, हे कळेल का?

पाणी शोषण कळेल, ताकदीचा फक्त अंदाज येईल.

ट्रकच्या वेगवेगळ्या थरांतून पाच विटा घ्या. वरच्या थरात बहुतेकदा चांगला माल रचलेला असतो. विटा पूर्ण वाळवून वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा, ओल्या फडक्याने पुसून लगेच पुन्हा वजन करा. कोरडी 2.90 किलो आणि ओली 3.42 किलो भरली, तर वाढ 0.52 किलो, म्हणजे सुमारे 18 टक्के. साध्या विटेला पाचांच्या सरासरीत 20 टक्क्यांची मर्यादा आहे. मात्र उन्हात वाळवलेल्या विटेत ओल उरते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. 18-19 आला तर लॅबच्या ओव्हनमध्ये वाळवून खात्री कराच.

दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज म्हणजे कच्ची भाजणी किंवा आतली चीर. नखाने ओरखडा उठत असेल तर ती वीट नकोच. मीटरभर उंचीवरून टाकून पाहतात, पण त्यातून आकडा मिळत नाही. दाबक्षमता लॅबच्या यंत्रावरच कळते. ती किमान 3.5 न्यूटन प्रति चौरस मिमी हवी.