टीएसआयचा बुडखा काळा पडला तर काय वाचायचं?

टीएसआय म्हणजे ट्रिपल शुगर आयर्न आगारची तिरकी नळी; तिचा बुडखा पूर्ण काळा दिसला की नवखे लोक आम्लाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकतात. तसं करू नका. आंत्र-जिवाणूंमध्ये थायोसल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार व्हायला आम्ल लागतं, म्हणून काळ्याखाली पिवळा झाकला गेलाय असंच धरा. तिरका भाग लाल असेल तर नोंद 'अल्कली/आम्ल, एचटूएस पॉझिटिव्ह'.

पण तो लाल खरा हवा. माध्यमात ग्लुकोज फक्त 0.1 टक्का, लॅक्टोज आणि सुक्रोज प्रत्येकी 1 टक्का. ग्लुकोज लवकर संपतं, मग तिरक्या भागावरचे जिवाणू हवेत पेप्टोन वापरतात आणि पिवळा पुन्हा लाल होतो. त्यामुळे 35 अंशांवर 18 ते 24 तासांनीच वाचा. दहाव्या तासाला साल्मोनेलाही सगळा पिवळा दिसू शकतो, आणि 48 तासांनी ई. कोलायचा तिरका भागही लाल व्हायला लागतो. झाकण सैल ठेवा. घट्ट बसवलं तर हवेअभावी तो लाल होतच नाही.

समजा लाल तिरका भाग, काळा बुडखा आणि आगारला तडा, म्हणजे वायू. साल्मोनेला? असेल, पण प्रोटियस मिराबिलिसही हुबेहूब असाच दिसतो. युरिएज लावा: प्रोटियस झपाट्याने गुलाबी होतो, साल्मोनेला नाही.

साल्मोनेला टायफी मात्र फसवतो. वायू नाही आणि काळेपणा बहुधा टोचलेल्या रेषेच्या वरच्या टोकाशी जेमतेम मिशीएवढा. नळी उजेडासमोर धरून फिरवा, नाहीतर शिगेला म्हणून नोंद जाईल.